दृष्ट कोणाची, ते विचारू नये

बाई, गेला आठवडाभर तुम्ही माझ्या डोक्यातून हलत नाही आहात आणि त्याला कारण माझी सून. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही हे जग सोडून गेलात तेव्हा माझा मुलगा जेमतेम शाळेत जात होता, आता तो बाप झालाय. आम्ही मांद्र्याला असतो. घराच्या मागे माड होते तिथे सहा खोल्या बांधल्या आहेत, पाहुणे येतात, समुद्रावर जातात, येताना पायाची वाळू खोलीभर सांडतात आणि आम्हाला कसलीच तक्रार नाही. सून जबलपूरकडची. इथल्याच एका हॉटेलात नोकरीला होती, तिथे दोघांचं जमलं. मराठी तिला कळतं, कोकणी अर्धंमुर्धं कळतं, बोलते मात्र हिंदीच. माझं हिंदी कसं आहे ते विचारू नका. पाहुण्यांना पाणी, टॉवेल, रिक्षा एवढ्यापुरतं होतं, सुनेने त्याला जरा वळण लावलं.

तिच्या तोंडात एक शब्द सारखा असतो. नज़र. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं, आपल्याकडे दिश्ट म्हणतात तेच हे, नवीन ते काय. पण आपल्याकडे दिश्ट म्हणजे आजारपणाच्या वेळी निघणारा विषय. मूल रडलं, गाय दुधाला आटली, की आठवण. हिच्याकडे ती रोजच्या बोलण्यात मिठासारखी. खोल्या भरल्या, की 'नज़र न लगे'. स्कूटर नवी घेतली तेव्हा आधी हँडलला काळा धागा, मग पेट्रोल. मी एकदा म्हटलं, यंदा माझे गुडघे बरे आहेत, तर म्हणाली, "मम्मीजी, ज़ोर से मत बोलिए." चांगलं काही मोठ्याने बोलायचं नाही, बोललात तर लगेच थू थू करायचं. एखादा तसं न करता कौतुक करून गेला, की त्याने 'टोक दिया'. बघणं वेगळं, टोकणं वेगळं. नुसतं बघून फार होत नाही, तोंडाने बोलून दाखवलं की लागते. गेटवर तिने एक काळं तोंड टांगलंय, शिंगं, लाल जीभ, बटाट्याएवढे डोळे. त्याला ती नजरबट्टू म्हणते. येणाऱ्याचा डोळा आधी त्या कुरूप तोंडावर पडावा आणि तिथेच संपावा, अशी त्यामागची व्यवस्था. गोरे पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढतात. म्हणजे व्यवस्था चालते आहे.

आणि एक गोष्ट तिने सांगितली ती मला फार आवडली. ती म्हणाली, नज़र वाईट माणसाचीच लागते असं कुठे आहे? प्रेमाने बघणाऱ्याची पण लागते, आईची तर सगळ्यात आधी. तिच्या आजीकडे त्याला 'मीठी नज़र' म्हणायचे. म्हणून तिकडच्या आया मुलाला सजवतात आणि स्वतःच कपाळाच्या कडेला काजळाचा वाकडा ठिपका देतात, आपल्याच डोळ्यांपासून राखण म्हणून. कोणी मुद्दाम लावत नाही, ती लागते. पाऊस लागतो, ऊन लागतं, तशी. हे ऐकलं तेव्हा मी कोकमं फोडत होते. हात थांबले. मला तुम्ही आठवलात.

आमच्याकडे नात आलीय बाई, पाच महिन्यांची. काय सांगू? सांगत नाही. थू थू. गेल्या शुक्रवारी ती दुपारपासून रडत होती. दूध घेईना, पाय पोटाशी घेऊन किंचाळायची. मी ओवा शेकला, पोटावर हिंग लावला, खांद्यावर घेऊन माडांतून फिरवून आणली, काही नाही. सुनेने आईला फोन लावला. आवाज मोठा ठेवलेला, मला सगळं ऐकू येत होतं. त्या बाईंनी पहिला प्रश्न केला तो ताप आहे का असा नाही. त्यांनी विचारलं, "किसने टोका?"

सून आठवू लागली. आणि मला आधीच कळलं की ती काय आठवणार. सकाळी मासे घेऊन येणारी आमची म्हातारी, वीस वर्षं आमच्या दारात पाटी उतरवणारी, विधवा, मूलबाळ नाही. त्या दिवशी तिने बांगडे मोजता मोजता पाळण्यात डोकावून म्हटलं होतं, "कितें सोबीत गो तुजें बाय! दोळे पळय गो कितले व्हड." किती देखणी, डोळे किती मोठे, असं मन भरून म्हणाली होती. थुंकली नव्हती. सुनेने फोनवर सांगितलं, "वो मछलीवाली मौसी ने..." तिकडून लगेच, "अकेली औरत है ना? बच्चे नहीं हैं ना उसके? बस. अब उसे अंदर मत आने देना."

एवढंच झालं, बाई. कोणी भांडलं नाही, कोणी वाईटही बोललं नाही. पण उद्या सकाळी म्हातारी येईल, दार अर्धंच उघडेल, पाळणा आत सरकलेला असेल. तिला कळेल. कळतंच. आणि तिच्यामागून आख्ख्या वाड्याला कळेल. हे मी एकदा करून चुकले आहे आणि ते तुमच्याबाबतीत.

धारगळची शाळा, चौथीचा वर्ग. तुम्ही सावंतवाडीकडच्या, एकट्या, हमरस्त्याच्या कडेला सोड्याच्या दुकानामागे भाड्याच्या खोलीत राहायचात. नवरा नाही, मूल नाही, डोळे मोठे आणि काजळ घातलेले. लोकांना एवढं पुष्कळ होतं, पण तोवर कोणी बोललं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही माझी वही उचललीत. दहा ओळी कित्ता. ती वही तुम्ही वर्गभर फिरवलीत, प्रत्येक बाकाजवळ थांबून दाखवलीत आणि म्हणालात, "बघा रे, अक्षर म्हणजे काय ते. मोती नुसते." मग माझ्याकडे वळून म्हणालात, "उद्यापासून फळ्यावरचा सुविचार तू लिहायचास." संध्याकाळी मला ताप भरला.

आईने दिश्ट काढली. तिची पद्धत मला अजून जशीच्या तशी येते. उजव्या मुठीत खडे मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या, केरसुणीचे दोन हीर, उंबऱ्याची चिमूटभर माती. मला पूर्वेकडे तोंड करून बसवायची, डोक्यापासून पायापर्यंत तीनदा उतरवायची आणि तोंडाने, "येल्यागेल्याची, वाटेवेल्याची, घरच्याची, दारच्याची, आवयची, बापायची, कोणाचीय आसूं, जळून वचूं." मग मूठ चुलीत. मीठ तडतडलं आणि मिरचीचा ठसका आला नाही, तर दिश्ट होती. ठसका आला, तर नुसता ताप. यात बघा, बाई, नाव कुणाचं नाही. सगळे येतात, आई स्वतःलाही त्यात घालते आणि सगळ्यांची जळून जाते. आई म्हणायची, "नांव घेवंचें न्हय गो. नांव घेतलें काय ती दिश्ट न्हय, तो वैर." माझी आई तीन इयत्ता शिकलेली. तिला हे कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण मला मात्र ते त्या वेळी शिकता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. खरा ताप एकच दिवस होता. पण मी अंथरुणातून उठेना. कण्हायचे, पेज नको म्हणायचे. मग काकी आली. काकीला सगळ्यातलं कळायचं. ती तुरटीचा खडा घेऊन आली, माझ्यावरून उतरवला, निखाऱ्यावर ठेवला. तुरटी फुगते, वळते, फेसाळते आणि थंड झाली की तिचा काहीतरी आकार होतो. त्यात ज्याची दिश्ट त्याचं तोंड दिसतं म्हणतात. काकीने तो चिमट्यात धरून फिरवला आणि मला विचारलं, "तुका कोण कितें म्हणलें गो?" मी म्हणाले, बाई. बाई म्हणाल्या, मोती. झालं. काकीला लगेच तुरटीत तुमचा अंबाडा दिसला. आईला दिसला नव्हता, मला माहीत आहे, ती चुलीकडे बघत राहिली. पण काकीने पुढचा उपाय सांगितला, तिच्या पायाखालची माती आणून ओवाळायची. आणि घरात पोर निजलेली असताना आया उपायाला नाही म्हणत नाहीत.

माती आणायला कुठे जावं लागलं नाही. चौथ्या दिवशी तुम्हीच आलात, शाळा सुटल्यावर. हातात ग्लुकोज बिस्किटांचा पुडा, आणि पोदेराच्या भट्टीवरून घेतलेले दोन उंडे पाव पिशवीत. मी खिडकीतून बघत होते. आईने तुम्हाला अंगणातच उभं ठेवलं. आमच्याकडे परक्यालासुद्धा पाट द्यायचे, तुम्हाला दिला नाही. तुम्ही माझी चौकशी केलीत, पुडा पायरीवर ठेवलात, निघालात. आई खाली वाकली. तुम्ही उभ्या होता ती जागा सारवलेली, ओली. तिच्या बोटांना शेणाशिवाय काही येईना. आणि तुम्ही वळून बघितलंत.

मी तुमचा चेहरा पाहिला, बाई. रागावल्या नाहीत तुम्ही. मग चार पावलं तुळशीजवळच्या मोकळ्या जमिनीवर गेलात, चप्पल काढलीत, उजवा पाय दाबून ठेवलात, उचललात आणि म्हणालात, "वैनी, हयसरची घेवा. हयसर माती सुकी आसा." आणि चप्पल घालून गेलात. आई तिथेच बसून राहिली. तिने ती माती घेतली, ओवाळली, टाकली आणि त्या रात्री जेवली नाही. काकी म्हणाली, बघ, आता पोर उठेल. मी उठले. उठणं भागच होतं.

कारण, बाई, ती वही मी लिहिलेली नव्हती. माझ्या ताईने लिहिलेली, सातवीतल्या. मी बोरं पाडायला गेले होते म्हणून तिने मला दहा ओळी लिहून दिल्या, बदल्यात तिची भांडी मी घासली. तुम्ही फळ्यावर लिहायला सांगितलंत आणि मी मेले. खडू हातात घेतला असता तर पहिल्या अक्षरालाच कळलं असतं. ताप गेला, पण फळा काही जात नव्हता, म्हणून मी निजून राहिले. काकीने विचारल्यावर तुमचं नाव इतक्या पटकन का आलं, तर मला तुमच्यासमोर परत जायचं नव्हतं. आता बघा गंमत. तुमच्या डोळ्यात ते असतंच, तर ते ताईला लागायला हवं होतं. मोती तिचे. ताई त्या आठवड्यात माझ्या वाटची पेजसुद्धा खात होती.

पण गावाने ताईला विचारलं नाही. पोरं शाळेत यायची ती कानामागे काळी तीट लावून, आणि तुम्ही हजेरी घेताना ती तुम्हाला दिसायची. बारशाला तुम्हाला बोलावणं बंद झालं. वेलाच्या पहिल्या काकड्या घेऊन कोणी तुमच्या खोलीवरून जायचं नाही. आणि तुम्ही वर्गात पुन्हा कोणाचं कौतुक केलं नाहीत. वहीवर टिचकी मारायचात, 'ठीक' लिहायचात, पुढे जायचात. मला फळ्यावर लिहायला तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. मी वाचले. दहा वर्षांची होते, सुटल्याचा आनंद झाला, हेही सांगून टाकते. दोन वर्षांनी तुमची बदली झाली, डिचोलीकडे, खाणीच्या गावात.

म्हणून शुक्रवारी मी सुनेच्या हातातला फोन घेतला आणि माझ्या धन्य हिंदीत तिच्या आईला म्हटलं, "मौसी ने नहीं टोका. मैंने टोका. मेरा ही नजर लगा है." मग त्या मोठ्याने हसल्या. "दादी की? अरे, दादी की तो सबसे पक्की लगती है." आणि मी काही खोटंही बोलले नव्हते. रोज सकाळी तेल लावताना त्या पोरीला मी इतकं बघते की लागायची तर माझीच. सुनेने माझ्याकडे बघितलं. तिला समजलं असावं, ती हुशार आहे.

मग तिन्हीसांजेला आम्ही दोघींनी मिळून उतरवली. तिच्या पद्धतीने सात अख्ख्या लाल मिरच्या, मीठ, राई, सात वेळा, तोंडातून शब्द न काढता. माझ्या पद्धतीने तीनदा येल्यागेल्याची. ती म्हणाली, बोलल्याने वाया जाईल. मी म्हटलं, न बोलता कोणाची जळणार? शेवटी आधी तिची झाली, मग माझी. गॅसवर करून चालत नाही यावर मात्र दोघींचं एकमत, म्हणून मागच्या दारी नारळाच्या सोडणांचे निखारे केले. मिरच्या टाकल्या. ठसका आला नाही. सून म्हणाली, "देखा, धाँस नहीं आई. तगड़ी थी." समुद्राकडून वारा सुटला होता, धूर सगळा शेजाऱ्यांकडे गेला आणि तिकडे दोघे खोकत होते, ते मी तिला दाखवलं नाही. शेजारीण ख्रिस्तांव, तीच कुंपणावरून म्हणाली, "दिश्ट काडटात गो? फटकी घाल थोडी." फटकी म्हणजे तुरटी. मी म्हटलं, तुरटी नको. तुरटीत माणसं दिसतात.

मुलाने तेवढ्यात गाडी काढली होती, डॉक्टरकडेही नेलं. पोटात वारा धरला होता, थेंब दिले. पोरगी गाडीतच झोपली. आता ती कशाने झोपली यावर आमच्या घरात तीन मतं आहेत आणि तिन्ही सुखाने नांदतात. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आली. सून स्वतः दार उघडायला गेली. पोरीच्या गालावर एवढा मोठा काळा ठिपका दिलेला, तशी पोर म्हातारीच्या हातात दिली. म्हातारीने मासळीचे हात लुगड्याला पुसले, पोरीला घेतलं आणि यावेळी आपणहून थू थू केलं. सुरमई मात्र नेहमीपेक्षा लहान देऊन गेली.

हे सगळं तुम्हाला सांगावंसं वाटलं, ते चांगलं केलं म्हणून पाठ थोपटून घ्यायला. तुमच्याकडून 'ठीक' एवढं जरी मिळालं तरी चाललं असतं. पण मग एक राहतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे पत्र खोटं होईल.

लग्नानंतर दोन-तीन वर्षं आम्ही डिचोलीकडेच, पाळी गावात होतो. हे खाणीवर टिप्पर चालवायचे. रस्ता लाल, झाडं लाल, वाळत घातलेले कपडे लाल, आणि रस्त्याच्या कडेला टिप्परांची रांग, प्रत्येकाच्या मागे रंगवलेलं, 'बुरी नज़र वाले तेरा मुँह काला'. त्या रांगेच्या कडेने तुम्ही छत्री घेऊन येत होता. केस पिकलेले, डोळ्यांत काजळ तसंच. मी मुलाला कडेवर घेऊन उभी होते, आठ महिन्यांचा. तुम्ही मला ओळखलंत. हसलात आणि म्हणालात, "तुझं फळ्यावर लिहायचं राहिलंय गो अजून." मी काहीतरी बोलले. तुम्ही मुलाकडे बघायला वळणार, तेवढ्यात थांबलात. करंगळीने डोळ्यातलं काजळ घेतलंत, त्याच्या कानामागे लावलंत. मग म्हणालात, "हां, आता बघतंय," आणि पोटभर बघितलंत. कौतुकाचा एक शब्द बोलला नाहीत.

तुम्ही ते काजळ का लावलंत हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही वळायच्या आधी मी त्याच्या तोंडावर पदर ओढला होता. हात आपोआप गेला, आयांचा जातो, असं मी स्वतःला तीस वर्षं सांगत आले. आपोआप नव्हता गेला, बाई. ती वही कोणाची होती हे त्या रस्त्यावर फक्त मला माहीत होतं, आणि तरी मी पदर ओढला.